‘लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना’ : एवढ्याच शब्दांवर भांडण का होतं आणि कलम कसं लिहावं

प्रश्न : “कोल्हापुरात राजारामपुरीतला आमचा टू बीएचके १ मार्चपासून ११ महिन्यांसाठी भाड्यानं दिलाय. भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. करार नोंदणी केलेला आहे. त्यात ‘लॉक-इन ६ महिने’ आणि ‘दोन्ही बाजूंनी १ महिन्याची लेखी नोटीस’ असं आहे. भाडेकरूला पुण्यात नोकरी लागली. त्यानं १० ऑगस्टला व्हॉट्सॲपवर कळवलं की ३१ ऑगस्टला घर सोडतो, डिपॉझिट पूर्ण परत द्या. मी म्हणतेय, लॉक-इन संपल्यावरच नोटीस द्यायची, म्हणजे सप्टेंबरचं भाडं द्यायला लागेल. बरोबर कोण? आणि पुढच्या करारात काय लिहू?”

ताई, तुमच्या करारात खरोखर एवढंच लिहिलेलं असेल, तर तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात. लॉक-इनच्या काळात, म्हणजे ज्या मुदतीत कोणीच करार मोडायचा नाही त्यात, नोटीस देऊ नये असं करारात कुठं म्हटलेलं नसेल, तर त्यानं ऑगस्टमध्ये दिलेली नोटीस चालते, असं मला वाटतं. पण ती एक महिन्याची झालेली नाही. १० तारीख सोडून ३० दिवस मोजले तर ऑगस्टचे २१ दिवस होतात आणि सप्टेंबरचे ९ लागतात. म्हणजे नोटीस ९ सप्टेंबरला पूर्ण होते. तो ३१ ऑगस्टला जातोय, तर ९ दिवस कमी पडतात. १४,००० भागिले ३० गुणिले ९, म्हणजे ४,२०० रुपये. सरळ हिशेबानं त्याचं देणं एवढंच निघतं.

हे उत्तर करारातल्या बाकीच्या मजकुरावर अवलंबून आहे, म्हणून आधी करार काढून तीन गोष्टी बघा. लॉक-इनची सुरुवात कुठल्या तारखेपासून धरली आहे? नोटिशीच्या कलमाच्या सुरुवातीला ‘लॉक-इनच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत का? आणि नोटीस कशी द्यायची हे लिहिलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक करारांत ‘नाही’ असंच मिळतं.

भांडणाचं मूळ भाडेकरूच्या किंवा मालकाच्या स्वभावात क्वचितच असतं. करारात दोन मुदती असतात, आणि त्या किती महिन्यांच्या तेवढंच लिहिलेलं असतं. त्या कधी सुरू होतात, कधी संपतात, एकमेकींवर चढतात की एकीनंतर दुसरी लागते आणि मोडल्या तर नेमके किती रुपये द्यायचे, या चार गोष्टी कोऱ्या राहतात. मग प्रत्येक जण त्या कोऱ्या जागी आपल्या सोयीचं वाचतो, आणि प्रामाणिकपणे वाचतो, म्हणून माघार कोणीच घेत नाही.

तुमच्याच आकड्यांवर हे बघा. भाडेकरू म्हणेल, ३१ ऑगस्टला सहा महिने पूर्ण झाले, लॉक-इन संपलं, नोटीस मी आधीच दिलीय, देणं शून्य. दुसरा म्हणेल, नोटीस चालली पण कमी पडली, ४,२०० द्या. तुम्ही म्हणताय, नोटीस लॉक-इननंतरच सुरू होते, म्हणून सप्टेंबरचे पूर्ण १४,०००. एखादा एजंट येऊन सांगेल, व्हॉट्सॲप म्हणजे लेखी नव्हेच, त्यामुळं नोटीसच झाली नाही, डिपॉझिटचे ५०,००० ठेवून घ्या. आणि करार ११ महिन्यांचा आहे, तेव्हा ३१ जानेवारीपर्यंतचे पाच महिन्यांचे ७०,००० मागा असा सल्ला देणारेही भेटतात. एकाच ओळीतून शून्यापासून सत्तर हजारांपर्यंत पाच उत्तरं निघतात. यातली शेवटची दोन टिकायला कठीण आहेत, पण पहिल्या तिन्हींना काही ना काही आधार आहे.

आता ठरावीक मसुद्याकडे येऊ, कारण आपल्याकडचे बहुतेक घरगुती करार ऑनलाइन नोंदणीच्या त्याच साच्यातून येतात. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, नावं, आधार, भाडं, डिपॉझिट भरतो, लॉक-इनच्या चौकटीत ६ आणि नोटिशीच्या चौकटीत १ टाकतो. बाकीची वाक्यं आधीच छापलेली असतात. त्यात करार रद्द करण्याचं कलम सर्वसाधारणपणे असं असतं : लॉक-इनच्या अटीच्या अधीन राहून, भाडं थकवलं किंवा अट मोडली तर मालक एक महिन्याच्या लेखी नोटिशीनं परवाना, म्हणजे घरात राहण्याची परवानगी, रद्द करू शकेल आणि राहणाराही तशीच नोटीस देऊन घर सोडू शकेल. लॉक-इनच्या कलमात म्हटलेलं असतं की त्या काळात मालक घर सोडायला सांगणार नाही आणि राहणारा सोडणार नाही. राहणारा कोणत्याही कारणानं गेला तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं देईल, आणि मालकानं काढलं तर मालक राहणाऱ्याच्या नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई करेल.

हे वाक्य वरवर नीट वाटतं, पण त्यात तीन भोकं आहेत. पहिलं, ‘लॉक-इनच्या अधीन राहून’ हे शब्द भाडं थकल्यावर रद्द करण्याच्या हक्कालाही लागतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यापासून भाडं बंद झालं तरी समोरचा म्हणू शकतो, लॉक-इन चालू आहे, तुम्ही मला काढू शकत नाही. मालकाला वाटत असतं लॉक-इननं त्याचं रक्षण होतंय, आणि इथं ते उलटं त्याचे हात बांधतं. दुसरं, राहणाऱ्याला किती द्यायचं ते मोजता येतं, पण मालकानं काढलं तर ‘नुकसान आणि गैरसोय’ म्हणजे किती, याचा आकडाच नाही. टेम्पोचं भाडं, नव्या घराची दलाली, शाळेच्या रिक्षाचा बदल, हे सगळं पुढं पावत्यांनी सिद्ध करत बसावं लागतं. तिसरं, नोटीस लॉक-इनच्या आत द्यायची की नंतर, यावर साचा काहीच बोलत नाही. ‘अधीन राहून’ या दोन शब्दांवरून तुम्ही म्हणता ‘नंतर’, आणि तो म्हणतो ‘घर लॉक-इनमध्ये सोडायचं नाही एवढंच, नोटीस केव्हाही’. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण कलमात मनाई घर सोडण्याला आहे, कळवण्याला नाही. पण वाद घालायला जागा आहे हे मान्य करायला हवं.

इथं कायदा किती मदत करतो, तेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिक्षेचीही तरतूद आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहण्यासाठी परवान्यानं दिलेल्या जागेचा ताबा परत घेण्याची वाट कलम २४ मध्ये आहे, आणि त्यात लेखी कराराला त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानलं आहे. पण निर्णायक पुरावा त्याचाच, जे लिहिलेलं आहे. जे लिहिलंच नाही, त्याला नोंदणीचा शिक्का कुठून बळ देणार? लॉक-इन किती असावं, नोटीस किती असावी, ती कशी मोजावी, हे हा कायदा ठरवून देत नाही. ते तुमच्या शब्दांवर सोडलेलं आहे.

दंडाच्या रकमेबाबत भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ लक्षात ठेवा. करारात मोडल्याबद्दल रक्कम लिहिलेली असली, तरी कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ती आपोआप पदरात पडत नाही. त्यामुळं ‘लॉक-इन मोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त’ हे वाक्य दिसायला जबरदस्त असलं तरी, घर १५ दिवसांत दुसऱ्याला गेलं असेल तर पूर्ण रक्कम ठेवून घेणं टिकवणं अवघड जातं. कलम ७३ प्रमाणे नुकसान मोजताना ते कमी करण्यासाठी काय करता आलं असतं, हेही बघितलं जातं. लॉक-इनची रक्कम लिहिताना ती खऱ्या नुकसानीच्या जवळ ठेवा. मोठा आकडा लिहून भीती दाखवता येते, वसूल होतेच असं नाही.

आता लिहिण्याकडे. खालच्या कलमांत मी ‘घरमालक’ आणि ‘परवानाधारक’ असे शब्द घेतलेत. बोलताना आपण सगळेच भाडेकरू म्हणतो, पण अशा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवान्याच्या करारात राहणारा कायद्यानं भाडेकरू नसतो, आणि करारात तो शब्द मध्येच घुसवला की दुसराच वाद सुरू होतो. कराराच्या पहिल्या पानावर दोन्ही पक्षांना जी नावं दिलीत, तीच शेवटपर्यंत वापरा.

लॉक-इन महिन्यांत लिहू नका, तारखांत लिहा. सही २० फेब्रुवारीला होते, नोंदणी २४ ला, भाडं १ मार्चपासून, चावी मिळते ५ मार्चला. ‘सहा महिने’ यातल्या कुठल्या दिवसापासून, यावर चार उत्तरं संभवतात. तारीख लिहिली की प्रश्नच उरत नाही :

“लॉक-इन कालावधी दि. १ मार्च २०२६ ते दि. ३१ ऑगस्ट २०२६ असा, हे दोन्ही दिवस धरून, राहील. करारावरील सहीची, नोंदणीची किंवा चावी दिल्याची तारीख वेगळी असली तरी या तारखा बदलणार नाहीत. या काळात, या करारात लिहिलेले अपवाद सोडून, दोघांपैकी कोणीही परवाना संपवणार नाही. मुदतपूर्व समाप्तीची नोटीस लॉक-इन कालावधीतही देता येईल. मात्र घर सोडण्याची तारीख दि. ३१ ऑगस्ट २०२६ च्या आधीची असणार नाही.”

शेवटची दोन वाक्यं तुमचा आजचा वाद पूर्ण मिटवतात. समजा तुम्हाला हे नको आहे, नोटीस लॉक-इन संपल्यावरच सुरू व्हावी असंच हवं आहे. तेही लिहिता येतं आणि त्यात गैर काही नाही, पण मग लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं आहे हे समोरच्याला आधी सांगा. त्यासाठी शेवटचं वाक्य असं बदला : “दि. ३१ ऑगस्ट २०२६ पूर्वी दिलेली नोटीस दि. ३१ ऑगस्ट २०२६ रोजी मिळाली असे धरले जाईल.” इथं १ सप्टेंबर लिहिण्याचा मोह होतो. पण नोटीस मिळाल्याचा दिवस वगळून मोजायचं असेल, तर १ सप्टेंबरला मिळालेल्या नोटिशीचा तिसावा दिवस १ ऑक्टोबर येतो, आणि एका दिवसासाठी नवीन महिन्याच्या भाड्याची कटकट सुरू होते. ३१ ऑगस्ट लिहिलं की तिसावा दिवस बरोबर ३० सप्टेंबरला येतो.

नोटिशीची मुदत मात्र महिन्यात न लिहिता दिवसांत लिहा. ‘एक महिना’ म्हणजे कोणाला ३० दिवस वाटतात, कोणाला १० तारीख ते १० तारीख, आणि पुष्कळ मालकांना पुढच्या १ तारखेपासून सुरू होणारा पूर्ण महिना. शेवटच्या अर्थानं तुमच्या भाडेकरूची १० ऑगस्टची नोटीस थेट ३० सप्टेंबरला संपते. तोही अर्थ चालेल, फक्त तो लिहिलेला पाहिजे. मी दिवसांचा पर्याय सुचवतो, कारण त्यात दोघांचंही नुकसान कमी होतं :

“लॉक-इन कालावधीच्या वरील अटीस धरून, घरमालक किंवा परवानाधारक यांपैकी कोणालाही ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन हा परवाना मुदतीपूर्वी संपवता येईल. नोटीस मिळाली तो दिवस वगळून त्याच्या पुढील दिवसापासून ३० दिवस मोजले जातील. नोटिशीत घर सोडण्याची तारीख लिहिलेली असेल. परवानाधारकाने दिलेली नोटीस कमी पडल्यास, जितके दिवस कमी पडतील तितक्या दिवसांचे भाडे, मासिक भाड्याचा एक-तीसांश प्रतिदिन या दराने, त्याच्याकडून घेतले जाईल. नोटिशीपोटी याहून अन्य रक्कम आकारली जाणार नाही. महिन्याच्या मधल्या तारखेस घर सोडल्यासही भाड्याची आकारणी याच दराने होईल.”

एक-तीसांश हा दर लिहून ठेवण्याचं कारण छोटं आहे, पण त्यावर वाद होतात. ३१ दिवसांच्या महिन्यात कोणी ३१ नं भागतो, फेब्रुवारीत कोणी २८ नं. कुठलाही एक भाजक चालेल, पण एकच ठेवा.

नोटीस कशी द्यायची, हे तर लिहायलाच हवं. आज सगळा संवाद व्हॉट्सॲपवर होतो आणि करारात मात्र ‘लेखी’ एवढाच शब्द असतो. तुम्ही त्याच्या मेसेजला “ठीक आहे, बघू” असं उत्तर दिलं असेल, नवीन लोकांना फ्लॅट दाखवायला सुरुवात केली असेल, तर नोटीस मिळालीच नाही असं म्हणणं तुम्हाला जड जाईल. पुढच्या करारात हा भाग असा घ्या :

“नोटीस खालीलपैकी कोणत्याही एका मार्गाने देता येईल : हाती देऊन पोच घेणे, करारातील पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवणे, किंवा या करारात लिहिलेल्या ई-मेल पत्त्यावर वा व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवणे. ई-मेल वा व्हॉट्सॲपने पाठवलेली नोटीस पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाली असे धरले जाईल. तोंडी किंवा मध्यस्थामार्फत दिलेला निरोप नोटीस मानला जाणार नाही.”

मध्यस्थाचं वाक्य गाळू नका. “मी एजंटला सांगितलं होतं” हे वाक्य दोन्ही बाजूंकडून येतं आणि ते खोडणंही अवघड, सिद्ध करणंही अवघड. आणि मालक बाहेरगावी असेल तर करारात त्याचा खरा चालू पत्ता आणि नंबर हवा. पत्त्याच्या जागी त्याच फ्लॅटचा पत्ता टाकलेले करारही दिसतात. मग राहणाऱ्यानं टपालानं पाठवलेली नोटीस त्याच्याच दारात येते.

आता लॉक-इन मोडलं तर काय, हा पैशांचा मुख्य भाग. समजा तुमचा भाडेकरू ३० जूनलाच गेला असता. साच्याप्रमाणं जुलै-ऑगस्टचे २८,००० त्यानं द्यायचे. वर पुन्हा नोटीस दिली नाही म्हणून एक महिन्याचे १४,००० वेगळे मागितले जातात, आणि दरम्यान १ ऑगस्टपासून नवा माणूस राहायला आला तर मालकाला ऑगस्टचं भाडं दोनदा मिळतं. भाडेकरू चिडतो तो इथं, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. दोन्ही गोष्टी कलमातच बंद करा :

“परवानाधारकाने लॉक-इन कालावधी पूर्ण होण्यापूर्वी घर सोडल्यास तो घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दि. ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतचे, अथवा घर दुसऱ्या व्यक्तीस देऊन तिचे भाडे सुरू होईल त्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचे, यांपैकी जे कमी असेल ते भाडे देईल. या रकमेव्यतिरिक्त नोटिशीपोटी वेगळे भाडे लागणार नाही. घरमालकाने परवानाधारकाचा दोष नसताना लॉक-इन कालावधीत घर सोडण्यास लावल्यास तो परवानाधारकास दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे रु. २८,०००, भरपाई डिपॉझिटच्या परताव्यासोबत देईल.”

मालकाच्या बाजूचा आकडा लिहायला मालक तयार नसतात. ताई, तुम्ही तयार व्हा. पैसे देऊन राहणाऱ्याला त्याचा दोष नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ६४ नुसार तो भरपाई मागू शकतोच. आकडा नसेल तर ती किती यावर अंदाजाचं भांडण होईल. आकडा असला की तुमची जबाबदारीही मर्यादित होते, आणि लॉक-इन दोन्ही बाजूंना सारखं आहे हे समोरच्याला दिसतं.

अपवादांचं कलम छोटं ठेवा, पण ठेवा. मालकासाठी एक : “सलग दोन महिन्यांचे भाडे थकल्यास आणि तसे लेखी कळवल्यानंतर १५ दिवसांत ते न भरल्यास, लॉक-इन कालावधी चालू असला तरी घरमालकास परवाना रद्द करता येईल.” साच्यातलं पहिलं भोक यानं बुजतं. राहणाऱ्यासाठी एक : “घरमालकाच्या जबाबदारीतील दोषामुळे पाणी वा वीज बंद राहिल्यास, किंवा घर राहण्यायोग्य न राहील अशी गळती झाल्यास, आणि लेखी कळवल्यानंतर १५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास, परवानाधारकास लॉक-इन कालावधीतही कोणतीही भरपाई न देता घर सोडता येईल.” गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला घर देत असाल, तर बदलीचा अपवाद ते मागतीलच. कंपनीचं बदलीचं पत्र आणि एक महिन्याचं भाडं या दोन अटींवर तो देणं मला वाजवी वाटतं. पण तुमच्या भाडेकरूसारखी स्वतःहून शोधलेली दुसरी नोकरी त्यात येते की नाही, तेही त्याच वाक्यात लिहा. ‘नोकरीच्या कारणास्तव’ असा मोघम शब्द घेतला तर दोन्ही त्यात बसतात.

कोल्हापुरात एक अपवाद मी आवर्जून घालायला सांगतो, तो पुराचा. राजारामपुरी उंचावर आहे, तुम्हाला त्याची गरज कमी. पण शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांनी २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलंय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं, लोक नातेवाइकांकडं जातात, आणि पाणी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवस चिखल, वीज आणि लिफ्ट यांतच जातात. तेवढ्या दिवसांचं भाडं द्यायचं का? लॉक-इनमध्ये घर सोडता येतं का? साच्यातले ‘कोणत्याही कारणानं’ हे शब्द घेतले तर उत्तर राहणाऱ्याच्या विरुद्ध जातं. सुविधाधिकार कायद्यात जागा नष्ट झाली किंवा कायमची बदलली तर परवाना संपतो असं आहे, पण पुराचं पाणी आठवड्यानं ओसरतं, त्याला ‘कायमचं’ कसं म्हणणार? म्हणून हे वाक्य घ्या :

“पुराचे पाणी घरात किंवा इमारतीत शिरल्यामुळे, अथवा प्रशासनाच्या स्थलांतराच्या सूचनेमुळे, घरात राहता न आल्यास तितक्या दिवसांचे भाडे लागणार नाही. असा काळ सलग ३० दिवसांहून जास्त झाल्यास दोघांपैकी कोणालाही ७ दिवसांच्या लेखी नोटिशीने, लॉक-इन कालावधी चालू असला तरी, भरपाईशिवाय परवाना संपवता येईल.”

इथं नदीच्या फुटांचा आकडा कलमात घालू नका. बंधाऱ्यावर ४३ फूट असताना एका गल्लीत कमरेएवढं पाणी असतं आणि शेजारच्या गल्लीत काहीच नसतं. कसोटी तुमच्या इमारतीची हवी.

डिपॉझिट हा या दोन्ही कलमांचा शेवटचा टप्पा आहे, कारण भांडण मिटतं किंवा पेटतं ते तिथं. दोन गोष्टी पुरेत. राहणाऱ्यानं शेवटच्या महिन्याचं भाडं न देता “डिपॉझिटमधून वळतं करा” म्हणायचं नाही, हे लिहा. तसं झालं की रंग, वीजबिल, तुटलेला नळ यांच्यासाठी हातात काही उरत नाही आणि मालक नोटिशीचं निमित्त काढून हिशेब फुगवू लागतो. आणि परताव्याचा दिवस ठरवा : चावी दिल्याच्या दिवशी बहुतेक रक्कम, आणि शेवटच्या वीजबिलापुरती ठेवलेली रक्कम बिल आल्यावर ७ दिवसांत, कपातीच्या लेखी तपशिलासह. चावी घेतानाच मीटरचं रीडिंग, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली ताबा-पावती करून घ्या. भाडं कुठल्या दिवशी थांबलं याचा तोच पुरावा.

आणखी एक छोटी गोष्ट. ११ महिने पूर्ण होऊन करार संपतो तेव्हा नोटीस लागत नाही, तरी ‘एक महिना आधी सांगितलं नाही’ म्हणून भाडं कापलं जातं. “मुदत संपताना कोणत्याही पक्षाने नोटीस देण्याची गरज नाही” असं एक वाक्य टाका. मुदत संपूनही राहणाऱ्यानं घर सोडलं नाही, तर कलम २४ मध्ये दुप्पट भाड्यानं भरपाईची तरतूद आहेच, तिच्यासाठी नोटिशीचं कलम ताणायला नको. आणि पुढच्या ११ महिन्यांचा नवा करार त्याच माणसाशी झाला, तर लॉक-इन नव्यानं लागतं की नाही, हेही नव्या करारात लिहा. सहसा ते लावू नये असं माझं मत आहे, कारण माणूस एकदा राहून दाखवलेला असतो.

मसुदा तयार झाला की सही करण्याआधी त्यात एक तारीख घालून बघा. वरची कलमं तुमच्या प्रसंगाला लावू. १० ऑगस्टला व्हॉट्सॲप, म्हणजे ११ ला मिळालं. १२ ऑगस्टपासून ३० दिवस मोजले तर १० सप्टेंबर येतो. सोडण्याची तारीख ३१ ऑगस्ट, लॉक-इनला चालते. नोटीस १० दिवस कमी, देणं ४,६६७ रुपये. दोघांनी वेगवेगळं बसून मोजलं तरी हेच उत्तर यायला हवं. वेगळं आलं तर कुठला शब्द सैल आहे ते लगेच कळतं, आणि त्या वेळी तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. एजंट म्हणेल, साचा बदलता येत नाही. ठरावीक कलमं तशीच राहू द्या, पण जास्तीच्या अटी म्हणून ही जोडायला सांगा, आणि ‘ठरावीक कलमे व या अटी यांत फरक असल्यास या अटी लागू राहतील’ हे वाक्य त्यांच्या वर घ्या. नाहीतर लॉक-इनची दोन कलमं एकाच करारात एकमेकांशी भांडत बसतील.

चालू प्रकरणात मी तुमच्या जागी असतो तर सप्टेंबरचं पूर्ण भाडं मागितलं नसतं. करार एकदा वाचून, वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत वेगळं काही निघालं नाही, तर त्याला असं पाठवा : “तुमची १० ऑगस्टची नोटीस मिळाली. ३० दिवस ९ सप्टेंबरला पूर्ण होतात. तुम्ही ३१ ऑगस्टला घर सोडत असल्याने ९ दिवसांचे ४,२०० रुपये डिपॉझिटमधून वजा होतील. ३१ तारखेला सकाळी ११ वाजता मीटर रीडिंग आणि घराची पाहणी करून ४५,८०० मधून वीजबिलापुरते २,००० ठेवून बाकी ४३,८०० त्याच वेळी ट्रान्सफर करते. बिल आल्यावर उरलेली रक्कम ७ दिवसांत देते. मान्य असल्यास कळवा.” त्याचं ‘मान्य’ आलं की तो मेसेज जपून ठेवा आणि ताबा-पावतीवर हेच आकडे उतरवून दोघांच्या सह्या घ्या.